बॉक्स प्लॉटवरून दोन तुकड्यांच्या गुणांची तुलना

बॉक्स प्लॉट ही आकृती गुणांचा मध्यक, दोन चतुर्थके आणि टोके एका नजरेत दाखवते. चढत्या क्रमाने लावलेल्या गुणांतला मधला तो मध्यक; खालच्या पाव आणि वरच्या पाव मुलांना वेगळे करणारे गुण ती चतुर्थके. पेटी एका चतुर्थकापासून दुसऱ्यापर्यंत असते, तिच्यातली रेघ म्हणजे मध्यक, पेटीबाहेर निघणाऱ्या रेघा म्हणजे मिशा आणि फार दूरचे गुण सुट्या ठिपक्यांनी दाखवतात. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ जॉन टुकी यांनी ती १९७०च्या दशकात रूढ केली. वाचनाची पद्धत पुढील काल्पनिक उदाहरणावरून समजेल.

वाशीतील एका शाळेत नववीच्या अ आणि ब तुकडीने ८० गुणांची एकच परीक्षा दिली आहे. आकृतीचे फक्त चित्र हाती आहे, गुणपत्रक नाही. प्रथम दोन्ही पेट्या एकाच अक्षावर आहेत ना, हे पाहावे. वेगवेगळ्या मापाच्या दोन चित्रांत पेट्यांची लांबी नजरेने ताडणे व्यर्थ आहे. चित्र छापून अक्षावरील ० ते ८० हे अंतर मोजावे. ते १६ सेंटिमीटर भरले, तर १ मिलिमीटर म्हणजे अर्धा गुण. बाकीचे वाचन पट्टीने करता येते.

अ तुकडीची पेटी ४६ ते ५८, मध्यक ५२; मिशा ३८ आणि ७० पर्यंत, शिवाय खाली १७ वर एक ठिपका. ब तुकडीची पेटी ३४ ते ६२, मध्यक ५६; मिशा १४ आणि ७८ पर्यंत, ठिपका एकही नाही.

पेटीची लांबी अ मध्ये १२, ब मध्ये २८. म्हणजे मधल्या निम्म्या मुलांचे गुण ब मध्ये दुपटीहून जास्त पसरले आहेत. विषमतेसाठी, म्हणजे गुण एका बाजूला जास्त लांबले आहेत का हे कळण्यासाठी, मध्यकाची जागा पाहावी. अ मध्ये ती बरोबर मधोमध आहे. ब मध्ये खालचा भाग २२ गुणांचा, वरचा फक्त ६ गुणांचा. गुण खालच्या बाजूला लांबलेले आहेत, म्हणजे विषमता ऋण आहे. इथे हमखास चूक होते: मोठ्या भागात जास्त मुले आहेत असे वाटते. प्रत्यक्षात दोन्ही भागांत साधारण पाव-पाव वर्ग आहे. वरच्या भागात तो दाटीने आहे, इतकेच.

ठिपक्याचे वाचन सर्वांत फसवे. पेटीच्या लांबीची दीडपट चतुर्थकांच्या पलीकडे मोजली की मर्यादा मिळते; तिच्या बाहेरच्या गुणांनाच ठिपका मिळतो. अ ची खालची मर्यादा ४६ − १८ = २८, म्हणून १७ गुण बाहेर पडले. ब ची ३४ − ४२ = −८. त्या तुकडीत शून्य मिळाले तरी ठिपका उमटणार नाही, आणि १४ गुणांचा विद्यार्थी निमूटपणे मिशीत सामावला आहे. म्हणून केवळ ठिपके पाहून जादा तासाची यादी केली, तर ज्याला सर्वाधिक गरज आहे तोच सुटेल.

एखादी मिशी पेटीच्या दीडपटीहून लांब दिसली, तर ती आकृती या नियमाने काढलेली नाही. बहुधा मिशा थेट किमान-कमाल गुणांपर्यंत ओढलेल्या असतात आणि ठिपक्यांचा अभाव मग काहीच सांगत नाही. समान गुणांचे दोन ठिपके एकावर एक बसून एकच दिसू शकतात. ब तुकडीत कच्च्या आणि पक्क्या मुलांचे दोन वेगळे गट पडले आहेत का, हेही पेटीवरून कळत नाही. त्यासाठी गुणपत्रकच मागवावे लागते.