पीएफ पासबुकातले आकडे पगाराच्या हिशोबाशी कसे जुळवायचे (आणि आधी एक महिना का सरकवायचा)

दरवर्षी एप्रिल-मे आला की कोणीतरी येतंच, "वर्षभरात पगारातून कापलेला पीएफ आणि पासबुकात दिसतोय तो, जुळत नाही, कंपनीने पैसे खाल्ले का?" बहुतेक वेळा खाल्लेले नसतात. पण कधी कधी खरंच एखादा महिना गायब असतो, आणि तो या नेहमीच्या फरकात लपून बसतो. म्हणून हे नीट लिहून ठेवतोय.

आधी पासबुक कोणाला मिळतं ते. तुमचा यूएएन ॲक्टिव्हेट झालेला पाहिजे, मग passbook.epfindia.gov.in वर लॉगिन करून पीडीएफ उतरवता येते. नवीन नोंदणी असेल तर साधारण ६ तास थांबा, लगेच दिसत नाही. मोठ्या काही कंपन्यांचा पीएफ स्वतःच्या ट्रस्टकडे असतो, तिथल्या लोकांना इथे पासबुक दिसत नाही, त्यांनी ट्रस्टकडूनच स्टेटमेंट मागायचं. नुसता बॅलन्स हवा असेल तर रजिस्टर मोबाईलवरून `EPFOHO UAN MAR` असा एसएमएस ७७३८२९९८९९ वर पाठवा, उत्तर मराठीत येतं, पण जुळवणीला ते पुरत नाही, महिन्यामहिन्याच्या ओळी लागतात.

जवळ एवढं ठेवा: पासबुकाची पीडीएफ (प्रत्येक मेंबर आयडीची वेगळी असते, नोकरी बदलली असेल तर दोन्ही घ्या), त्या वर्षाच्या सगळ्या सॅलरी स्लिपा आणि त्याच्या आधीच्या मार्चची स्लिप, ती लोक हमखास विसरतात. तुम्ही अकाउंट्समध्ये असाल तर दर महिन्याची ईसीआर फाईल, म्हणजे सगळ्यांच्या कपातीची यादी जी कंपनी पीएफच्या पोर्टलवर चढवते ती, आणि चलन पण. पासबुकाची पीडीएफ कर्मचाऱ्याकडूनच मागून घ्या.

आता मुख्य गोष्ट. एप्रिलच्या पगाराचा पीएफ कंपनीने १५ मेपर्यंत भरायचा असतो, म्हणून पासबुकात ती ओळ `Cont. For Due-Month 052023` अशी दिसते. ०५ म्हणजे मे, पण पगार एप्रिलचा. यामुळे पासबुकाचं २०२३-२४ हे वर्ष मार्च २०२३ च्या पगारापासून सुरू होतं आणि फेब्रुवारी २०२४ च्या पगारावर संपतं, मार्च २०२४ चा पुढच्या वर्षात जातो. पगाराचा तक्ता मात्र आपण एप्रिल ते मार्च काढतो. दोन्ही बेरजा तशाच शेजारी ठेवल्या तर पगार वाढलेल्या माणसाच्या जुळणारच नाहीत.

आमच्याकडच्या एका सुपरवायझरचं उदाहरण घ्या. मार्च २०२३ पर्यंत पीएफचा पगार १७,००० होता, एप्रिलपासून १८,५०० झाला. १२ टक्क्यांनी कपात आधी २,०४०, मग २,२२०. पगाराच्या तक्त्यात वर्षाचे २,२२० गुणिले १२ म्हणजे २६,६४०. पासबुकात यायला हवेत २,०४० अधिक अकरा वेळा २,२२०, म्हणजे २६,४६०. फरक १८०, म्हणजे फक्त दोन मार्चमधला फरक, यात काही गडबड नाही. पण त्याच्या पासबुकात होते २४,२४०. १८० बाजूला काढले तर उरतात बरोब्बर २,२२०, एका महिन्याची कपात. तो आधी "२,४०० चा फरक आहे" म्हणत होता आणि त्या आकड्यावरून काहीच कळत नव्हतं.

कुठला महिना ते शोधायला पीडीएफ एक्सेलमध्ये घ्या (Data > Get Data > From File > From PDF, नवीन व्हर्जनमध्ये आहे, नसेल तर सरळ हाताने टाईप करा, बाराच ओळी असतात). कॉपी-पेस्ट केलं की कॉलम हलतात आणि आकडे टेक्स्ट म्हणून येतात, मग बेरीज शून्य येते आणि माणूस घाबरतो. ओपनिंग बॅलन्स, व्याज, ट्रान्सफर आणि काढलेली रक्कम यांच्या ओळी वेगळ्या ठेवा, फक्त `Cont.` वाल्या घ्या. मग `Cont. For Due-Month` वाला मजकूर A2 मध्ये असेल तर ड्यू महिन्यावरून पगाराचा महिना असा काढायचा:

```
=EDATE(DATE(RIGHT(TRIM(A2),4),LEFT(RIGHT(TRIM(A2),6),2),1),-1)
```

उत्तर नुसत्या आकड्यात दिसलं तर सेलला Date फॉरमॅट द्या. या तारखेसमोर स्लिपमधली कपात लावली की रिकामी जागा लगेच दिसते. त्याचा `112023` हा ड्यू महिनाच नव्हता, म्हणजे ऑक्टोबरचा पगार.

कंपनीचा हिस्सा बघताना लोक गोंधळतात, कारण तो पूर्ण १२ टक्के त्या कॉलममध्ये येत नाही. ८.३३ टक्के पेन्शनला जातात, तेही १५,००० च्या मर्यादेवर, म्हणजे जास्तीत जास्त १,२५०. त्याच्या २,२२० पैकी १,२५० पेन्शनच्या कॉलममध्ये आणि ९७० कंपनीच्या. पेन्शनवाले पैसे बॅलन्समध्ये धरायचे नाहीत, त्यावर व्याज लागत नाही. पहिल्यांदा १ सप्टेंबर २०१४ किंवा नंतर पीएफमध्ये आलेल्या आणि तेव्हाच १५,००० च्या वर पगार असलेल्याचा मात्र पेन्शन कॉलम शून्य असायला हवा, तिथे १,२५० दिसले तर ती चूक आहे, आणि ती निघते सहसा नोकरी सोडताना.

व्याजावरूनही खात्री होते. २०२३-२४ चा दर ८.२५ टक्के, महिन्याला ०.६८७५. महिना सुरू होताना असलेल्या शिलकीवर ते लागतं, म्हणून मेमध्ये जमा झालेल्या पैशावर जूनपासून. कर्मचारी कॉलमची सुरुवातीची शिल्लक सोयीसाठी १,००,००० धरली तर सगळे महिने वेळेवर आले असते तर वर्षाचं व्याज ९,२४४ झालं असतं, ऑक्टोबरचा पगार नसताना ९,१८३ येतं. पासबुकात वर्ष संपल्यावर व्याज खूप उशिरा पडतं, तोवर ही तपासणी करू नका, उगाच बॅलन्स कमी वाटतो.

मग अकाउंट्सवाल्यांनी त्या महिन्याची ईसीआर टेक्स्ट फाईल उघडून यूएएन शोधायचा, प्रत्येक ओळीत रकाने `#~#` ने वेगळे असतात. ओळ सापडली, यूएएन बरोबर आहे आणि चलन भरलंय, तर पोस्टिंगचा प्रश्न आहे, चलनावरचा टीआरआरएन नंबर घेऊन पीएफ ऑफिसला विचारायचं. ओळच नसेल तर कंपनीची चूक. आमच्याकडे तेच निघालं. हजेरीचा घोळ असल्यामुळे त्याचा पगार होल्डवर होता, फाईल तशीच त्याच्याशिवाय गेली, नंतर २० तारखेला पगार दिला, स्लिपमध्ये कपात दाखवली, आणि पीएफ भरायचं कोणाच्याच लक्षात राहिलं नाही. अशा वेळी त्या महिन्याची सप्लिमेंटरी ईसीआर भरायची. उशिराबद्दल कंपनीला व्याज भरावं लागतं, २०२३ मध्ये ते कलम ७क्यू खाली वर्षाला १२ टक्के होतं, दंड वेगळा, आणि हे कर्मचाऱ्याच्या पगारातून वसूल करता येत नाही.

कर्मचारी असाल तर आधी एचआरला ईमेल करा, त्यात "बॅलन्स कमी आहे" असं मोघम न लिहिता पगाराचा महिना, कापलेली रक्कम आणि ती पासबुकात नाही हे लिहा आणि स्लिप जोडा. पंधरा-वीस दिवसांत काही झालं नाही तर epfigms.gov.in वर यूएएन टाकून तक्रार, त्याला तीच स्लिप, पासबुकाची पीडीएफ आणि पगार आलेलं बँक स्टेटमेंट लावायचं. नंतर ओळ आली की ड्यू महिना `112023` आहे का ते बघा, आमच्याकडे पहिल्यांदा चुकून वेगळ्याच महिन्यावर भरलं होतं.