रेझ्युमेचा सारांश आणि लिंक्डइनवरील ‘अबाउट’: क्षेत्र बदलताना दोन्ही वेगळे का लिहावेत

क्षेत्र बदलू पाहणाऱ्या व्यक्तीचे लिंक्डइनवरील पान उघडले, की ‘अबाउट’ या भागात अनेकदा रेझ्युमेच्या सुरुवातीचा चार ओळींचा सारांश जसाच्या तसा चिकटवलेला आढळतो. गोंधळ होणे स्वाभाविक आहे, कारण दोन्ही मजकूर लिहिणाऱ्याची ओळख करून देतात, आणि लिंक्डइनवरही या भागाचे नाव पूर्वी ‘समरी’ असेच होते. त्याच क्षेत्रात राहून नोकरी बदलणाऱ्याचे यामुळे फारसे बिघडत नाही, कारण त्याच्या पदाचे नावच पुरेसे बोलके असते. क्षेत्र बदलणाऱ्याचे मात्र पदनाम एक सांगते आणि इच्छा दुसरे. या दोहोंमधला दुवा जर कुठे जुळवता येत असेल, तर तो या दोन मजकुरांतच, आणि प्रत्येकात तो निराळ्या रीतीने जुळवावा लागतो.

मूळ फरक वाचणाऱ्याचा आहे. रेझ्युमे आपण पाठवतो. तो ज्याच्या हाती पडतो त्याच्यासमोर एका विशिष्ट जागेचे वर्णन असते आणि त्याला एवढेच ठरवायचे असते, की या अर्जदाराला पुढे बोलवावे की नाही. ‘अबाउट’ आपण कोणालाही पाठवत नाही. लोक तिथे येऊन पोहोचतात. नव्या क्षेत्रातला भरती करणारा अधिकारी शोधशब्द टाकून येतो, जुना सहकारी कुतूहलाने येतो, आणि आपला सध्याचा वरिष्ठही येऊ शकतो. रेझ्युमेच्या सारांशाच्या पाच आवृत्त्या करून पाच ठिकाणी पाठवता येतात, पण ‘अबाउट’ सर्वांना एकच दिसते. म्हणून रेझ्युमेचा सारांश ‘हे काम मला जमेल का’ या प्रश्नाचे उत्तर देतो, तर ‘अबाउट’ने त्याआधी ‘ही व्यक्ती या कामाकडे कशी वळली’ हे उलगडावे लागते.

एक उदाहरण घेऊन पाहू. समजा, चाकणच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात ८ वर्षे क्वालिटी इंजिनिअर म्हणून काम केलेल्या एका बाईंना डेटा ॲनालिस्ट व्हायचे आहे. त्यांच्या जुन्या रेझ्युमेच्या सुरुवातीला, महाविद्यालयात असताना कोणाकडून तरी उतरवून घेतलेले वाक्य आहे: नामांकित संस्थेत आव्हानात्मक पद मिळवून आपल्या कौशल्यांचा संस्थेच्या प्रगतीसाठी उपयोग करणे. हे वाक्य दोन्ही ठिकाणांहून काढून टाकावे. ते कोणत्याही उमेदवाराला लागू पडते आणि त्यात केवळ स्वतःची अपेक्षा आहे, वाचणाऱ्याच्या उपयोगाचे काहीच नाही.

रेझ्युमेसाठी त्यांचा सारांश साधारण असा होईल: ‘वाहन उद्योगातील गुणवत्ता नियंत्रणाचा ८ वर्षांचा अनुभव, त्यातील शेवटची २ वर्षे रिजेक्शनच्या नोंदींचे एसक्यूएल आणि पॉवर बीआयमधील विश्लेषण. चार उत्पादन लाइनींचा साप्ताहिक अहवाल स्वयंचलित करून त्याला लागणारा वेळ दीड दिवसावरून दोन तासांवर आणला. उत्पादन क्षेत्रातील डेटा ॲनालिस्ट पदासाठी अर्ज.’ यात ‘मी’ नाही, पूर्ण क्रियापदेही फारशी नाहीत, आणि ते योग्यच आहे, कारण वाचणारा ओळींवरून नजर फिरवत जागेच्या वर्णनातले शब्द शोधत असतो. दुसऱ्या कंपनीच्या जाहिरातीत पुरवठा साखळीवर भर असेल, तर दुसरे वाक्य बदलून पुरवठादारांकडून आलेल्या मालाच्या तपासणीचे काम तिथे आणता येईल. इच्छित पदाचा उल्लेखही निःसंकोच करता येतो, कारण हा कागद कोणाकडे जाणार हे बाईंनीच ठरवलेले असते.

हाच मजकूर ‘अबाउट’मध्ये टाकला तर काय होते? वर जागेचे वर्णन नसल्यामुळे तो अधांतरी राहतो. ज्याला क्वालिटी विभागाचे काम माहीत नाही, त्याला ‘रिजेक्शनच्या नोंदी’ म्हणजे नेमके काय आणि त्यांचा विश्लेषणाशी संबंध काय, हे कळत नाही. शिवाय ‘पदासाठी अर्ज’ हे शब्द त्यांच्या सध्याच्या वरिष्ठांनाही दिसतात.

‘अबाउट’मध्ये २,६०० कॅरेक्टरपर्यंत लिहिता येते, पण पान उघडल्यावर आधी केवळ पहिल्या काही ओळीच दिसतात आणि उरलेले वाचण्यासाठी ‘सी मोअर’वर टिचकी मारावी लागते. माझ्या मते क्षेत्र बदलणाऱ्याची खरी परीक्षा या पहिल्या ओळींतच असते. त्या ओळी अनुभवाच्या वर्षांवर खर्च झाल्या, तर वाचणारा ‘ही तर क्वालिटीतली दिसते’ असे ठरवून पुढे जातो. म्हणून सुरुवात अशा कामापासून करावी जे जुन्या क्षेत्रात घडले असले तरी नव्या क्षेत्रातल्या माणसाला आपलेच वाटेल. आपल्या उदाहरणातल्या बाई असे लिहू शकतील:

‘दर सोमवारी सकाळी आमच्या कारखान्यात एकच प्रश्न विचारला जातो: गेल्या आठवड्यात नाकारलेले भाग नेमके कोणत्या मशीनवर आणि कोणत्या शिफ्टमध्ये बिघडले? गेली ८ वर्षे या प्रश्नाचे उत्तर शोधणे हे माझे काम आहे, आणि गेली २ वर्षे मी ते एसक्यूएल आणि पॉवर बीआयच्या साहाय्याने शोधते.’

इथे ‘मी’ आहे, वाक्ये पूर्ण आहेत, आणि डेटा ॲनालिस्ट हे पदनाम न वापरताही ते काम डोळ्यांसमोर येते. पदनामाबाबत दोन टोकाच्या चुका होतात. काही जण स्वतःला ‘ॲस्पायरिंग डेटा ॲनालिस्ट’ म्हणवतात. त्यामुळे केलेले काम मागे पडते आणि न मिळालेले पद पुढे येते. काही जण थेट ‘डेटा ॲनालिस्ट’ लिहितात आणि खाली अनुभवाच्या यादीत ते पद कुठेच नसते, त्यामुळे एकूण पानावरचाच विश्वास उडतो. कामाचे नाव लिहावे, पदाचे नव्हे: ‘उत्पादनातील गुणवत्तेच्या डेटाचे विश्लेषण’ हे खरेही आहे आणि त्यात नव्या क्षेत्राचे शोधशब्दही आहेत. हेच नावाखालच्या हेडलाइनलाही लागू होते, जिथे २२० कॅरेक्टरची मर्यादा आहे.

दुसऱ्या परिच्छेदात एक प्रसंग तपशिलाने सांगावा. रेझ्युमेच्या सारांशात त्याला जागा नसते आणि ‘अबाउट’चे सर्वांत मोठे बळ मात्र तेच असते. उदाहरणार्थ, एका भागाच्या बोअरचा व्यास अधूनमधून मर्यादेबाहेर जात होता आणि सर्वांचा संशय कच्च्या मालावर होता. बाईंनी तपासणीच्या नोंदी शिफ्टनुसार लावून पाहिल्या, तेव्हा काहीच ठरेना. मग टूल बदलल्याची वेळ त्याच तक्त्याला जोडली, तेव्हा बहुतेक दोष टूल बदलल्यानंतरच्या पहिल्या तासात एकवटलेले दिसले. टूल बदलल्यावर ऑफसेट नीट न बसल्याचा तो परिणाम होता, आणि त्यानंतर प्रत्येक बदलानंतरचे पहिले पाच भाग मोजूनच लाइन पुढे चालवण्याची पद्धत सुरू झाली. बोअर आणि ऑफसेट म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्या विश्लेषकालाही यात त्याच्या ओळखीच्या पायऱ्या दिसतात: आधीची समजूत, दोन तक्ते जोडणे, चुकीचा धागा सोडून देणे आणि निष्कर्षावरून कामात झालेला बदल. ‘समस्या सोडवण्याची क्षमता’ असे लिहून यातले काहीच पोहोचले नसते.

या प्रसंगात कोणते आकडे द्यावेत, याबाबतही दोन्ही मजकुरांत फरक आहे, आणि तो सहसा लक्षात घेतला जात नाही. ग्राहकाचे नाव, दर दहा लाख भागांमागे किती नाकारले गेले, कोणत्या भागाबद्दल तक्रार आली, ही सर्व माहिती कंपनीची असते. रेझ्युमेतही ती जपूनच द्यायला हवी, पण ‘अबाउट’ तर प्रतिस्पर्धी कंपनीलाही वाचता येते. म्हणून तिथे स्वतःच्या कामाचे माप द्यावे, कारखान्याचे नव्हे: अहवालाला लागणारा वेळ किती कमी झाला, किती लाइनींच्या नोंदी एकत्र केल्या, किती जण तो अहवाल वापरतात. प्रत्येक आकड्याजवळ थांबून, आपल्या कंपनीच्या ग्राहकाने हे वाचले तर त्याला गैर वाटेल का, असे स्वतःला विचारावे. उत्तराबद्दल शंका असेल तर आकडा काढून टाकावा.

शेवटच्या परिच्छेदात पुढची दिशा सांगायची असते, आणि इथे नोकरीत असलेल्या व्यक्तीला सर्वाधिक अवघड जाते. ‘नव्या संधीच्या शोधात’ असे लिहिण्याऐवजी बाईंनी कामाचा प्रदेश सांगावा: ‘उत्पादन आणि पुरवठा साखळीतील डेटावर काम करणाऱ्यांशी याविषयी बोलायला मला आवडेल.’ हे वाक्य भरती करणाऱ्याला पुरेसे कळते आणि वरिष्ठांनी वाचले तरी अडचणीचे ठरत नाही. नोकरी शोधत असल्याचे सांगण्यासाठी ‘ओपन टू वर्क’ ही वेगळी सोय आहे आणि ती केवळ भरती करणाऱ्यांना दिसेल अशी ठेवता येते. आपल्याच कंपनीच्या भरती अधिकाऱ्यांपासून ती लपवण्याचा प्रयत्न लिंक्डइन करते, पण पूर्ण गुप्ततेची हमी देत नाही, हे ती सुरू करण्यापूर्वी ध्यानात घ्यावे.

शिक्षण सुरू असलेल्या गोष्टींची नोंद दोन्हीकडे करता येते, मात्र ती तशीच सांगावी. पायथन शिकणे सुरू असेल तर ‘सध्या शिकत आहे’ असे लिहावे. ते एसक्यूएलच्या शेजारी एकाच यादीत बसवले, तर मुलाखतीतल्या पहिल्याच प्रश्नाला ते उघडे पडते आणि मग खऱ्या कौशल्यावरही प्रश्नचिन्ह लागते.

दोन्ही मजकूर वेगळे असले, तरी त्यांतली वस्तुस्थिती एकच असली पाहिजे. पदनामे, तारखा आणि ‘शेवटची २ वर्षे’ यांसारखे कालावधी दोन्हीकडे तंतोतंत जुळावेत, कारण मुलाखतीपूर्वी दोन्ही शेजारी शेजारी उघडून पाहणारे बरेच असतात. भाषा आणि भर बदललेला त्यांना खटकत नाही, वर्षे बदललेली खटकतात.

लिहिताना मी आधी ‘अबाउट’ आणि मग रेझ्युमेचा सारांश असा क्रम सुचवतो. मोठ्या मजकुरात दुवा एकदा सापडला, की त्यातून चार ओळी निवडता येतात. चार ओळी ताणून मोठा मजकूर करू गेले की विशेषणेच वाढतात. ‘अबाउट’मध्ये ठळक अक्षरे किंवा वर्डमधील मांडणी टिकत नाही, म्हणून परिच्छेदांमध्ये एकेक ओळ मोकळी सोडावी. मजकूर टाकून झाल्यावर तो स्वतःच्या फोनवर उघडावा, आणि नव्या क्षेत्रात काम करणाऱ्या, पण आपले सध्याचे काम ठाऊक नसलेल्या एखाद्या परिचिताला ‘सी मोअर’ न दाबता केवळ दिसणाऱ्या ओळी वाचायला द्याव्यात. मग त्याला एवढेच विचारावे, की ही व्यक्ती दिवसभर काय करत असेल. आपल्या उदाहरणात त्याने ‘भाग तपासत असेल’ असे सांगितले, तर पहिल्या ओळी पुन्हा लिहायला हव्यात. ‘नोंदींमधून बिघाडाचे कारण शोधत असेल’ असे सांगितले, तर त्या तशाच ठेवाव्यात.