थायरॉईड गोळीचा डोस : मिलिग्रॅम-मायक्रोग्रॅम रूपांतर

थायरॉईड ग्रंथी मंदावली की दिली जाणारी नेहमीची गोळी म्हणजे लेव्होथायरॉक्सिन. भारतात तिच्या बाटलीवर ताकद मायक्रोग्रॅममध्ये (mcg) छापलेली असते. काही डिस्चार्ज कार्डांवर, जुन्या कागदांवर आणि परदेशातून आणलेल्या बाटल्यांवर मात्र हाच डोस मिलिग्रॅममध्ये (mg) दिसतो. एक मिलिग्रॅम म्हणजे 1000 मायक्रोग्रॅम, म्हणून मिलिग्रॅमचा आकडा हजाराने गुणायचा, म्हणजेच दशांश चिन्ह तीन घरं उजवीकडे न्यायचं. गणित एवढंच आहे. चुका होतात त्या घरं मोजताना.

मिरजेच्या दवाखान्यांत जत, कवठेमहांकाळपासून ते थेट कर्नाटकातले रुग्ण येतात. कार्ड मिरजेत मिळतं, पण पुढच्या महिन्याची गोळी गावातल्या मेडिकलमधून घेतली जाते. समजा, हृदयविकार असलेल्या सत्तरीच्या आजींच्या कार्डावर ‘0.0125 mg, रोज सकाळी उपाशीपोटी’ असं आहे. वयस्कर किंवा हृदयरोगी माणसाला साधारण 12.5 ते 25 मायक्रोग्रॅमपासूनच सुरुवात करतात, तेव्हा डोस बरोबरच आहे. आता चिन्ह एकेक घर सरकवू: 0.0125, मग 0.125, मग 1.25, मग 12.5. तीन उड्या झाल्या, इथं थांबायचं. चौथी उडी मारली तर 125 येतं. सुनेनं फोनवर सांगताना पॉइंटनंतरचं एक शून्य गाळलं, तर मेडिकलवाला 0.125 लिहून घेतो आणि त्याचे अगदी बिनचूक 125 करतो. गुणाकार बरोबर, डोस मात्र दहापट.

ही चूक विशेष घातक आहे, कारण 12.5 आणि 125 या दोन्ही गोळ्या दुकानात खरोखर मिळतात. मायक्रोग्रॅमच्या ठिकाणी कुणी 50 मिलिग्रॅम वाचलं, तर चूक हजारपट होते. पण तशी गोळीच नसल्यामुळे काउंटरवरच अडते. 37.5 चा पॉइंट पुसला गेला तर 375 होतात, तीही गोळी नाही. 12.5 चं तसं नाही. पॉइंट गेला तरी हातात नीट सीलबंद बाटली येते आणि कुणाला शंका येत नाही. शेवटच्या शून्याचंही असंच: ‘25.0’ मधला ठिपका फिका पडला की 250 वाचलं जातं. म्हणून पूर्णांकापुढे पॉइंट-शून्य लिहू नये, आणि एकापेक्षा लहान आकड्याआधी शून्य लिहायला विसरू नये: .05 नव्हे, 0.05.

पडताळणीसाठी एकच जोडी पाठ असली तरी पुरते: 0.1 mg म्हणजे 100 mcg. त्याचं निम्मं 0.05, म्हणजे 50. पुन्हा निम्मं 0.025, म्हणजे 25. आणखी निम्मं 0.0125, म्हणजे साडेबारा. घरं मोजून आलेलं उत्तर या उतरंडीतल्या जवळच्या पायरीच्या आसपास येत नसेल तर मोजणी चुकली. प्रौढांचा रोजचा डोस सहसा 200 मायक्रोग्रॅमच्या, म्हणजे 0.2 मिलिग्रॅमच्या आतच असतो. त्याहून मोठा आकडा आला तर गोळी घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं. फोनवर सांगायचं झालं तर ‘पॉइंट झिरो वन’ वगैरे म्हणूच नये; ‘साडेबाराची गोळी’, ‘सव्वाशेची गोळी’ असं सांगावं. साडेबारा आणि सव्वाशे यांत ऐकणाऱ्याचा घोटाळा होत नाही.

चूक घरात शिरली तरी पहिल्या दिवशी कळत नाही. या औषधाचं अर्धायुष्य साधारण सात दिवसांचं असल्यामुळे ते शरीरात आठवडेच्या आठवडे साठत जातं. मग धडधड, हात थरथरणं, घाम, झोप उडणं, वजन उतरणं अशी लक्षणं दिसू लागतात, आणि आजींच्या बाबतीत ती वयाच्या खात्यावर मांडली जाण्याची शक्यता जास्त. हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका त्यांनाच सर्वांत मोठा. रक्त तपासल्यावर TSH फार खाली गेलेला दिसतो, पण डोस बदलल्यावर ही तपासणी सहसा सहा ते आठ आठवड्यांनी होते. तोवर वाट पाहण्यात अर्थ नाही. नवी बाटली आली की तिच्यावरचा mcg चा आकडा जुन्या रिकाम्या बाटलीशी ताडून पाहावा, जुनी बाटली नसेल तर कार्डाशी. फरक सापडला तर उरलेल्या गोळ्यांचे तुकडे करून घरीच हिशेब जुळवू नये; बाटली आणि कार्ड दोन्ही घेऊन डॉक्टरांकडे जावं. छातीत दुखत असेल किंवा ठोके भरभर, वेडेवाकडे पडत असतील तर त्याच वेळी दवाखाना गाठावा.