आर्किटेक्चर बोर्ड आणि अपवादाची मंजुरी

आर्किटेक्चर बोर्ड म्हणजे कंपनीतल्या मोजक्या जाणत्या लोकांचं मंडळ. नवीन प्रोजेक्टचं डिझाइन कंपनीने आधी ठरवलेल्या तत्त्वांना आणि स्टँडर्ड्सना धरून आहे का ते हे मंडळ तपासतं आणि मग मंजूर, दुरुस्त करून आणा किंवा ठराविक मुदतीचा अपवाद, असा निर्णय देतं. द ओपन ग्रुपच्या टोगॅफ या चौकटीत कायम सदस्य चार-पाच असावेत, दहाच्या वर तर नकोच, असं सांगितलंय. नियम पाळणारं डिझाइन तपासणं तसं सोपं असतं, बोर्डाची खरी परीक्षा अपवाद मागायला कोणी आलं की होते.

नाशिकचंच उदाहरण घेऊ, काल्पनिक. समजा पिंपळगाव बसवंतच्या बाजूला एक द्राक्ष निर्यातदार आहे आणि त्यांचा नियम असा की एका सिस्टिमने दुसऱ्या सिस्टिमच्या डेटाबेसमध्ये थेट हात घालायचा नाही, जे हवं ते एपीआयमधून, म्हणजे त्या सिस्टिमने बाहेरच्यांसाठी ठरवून दिलेल्या दारातून मागायचं. नियमाला कारण आहे. उद्या समोरच्याने टेबलमधल्या एका कॉलमचं नाव बदललं की आपला रिपोर्ट बंद पडतो आणि त्याला पत्ताही नसतो की कोणी आपल्यावर अवलंबून होतं. आता प्रोजेक्ट काय, तर कोल्ड स्टोरेजचं तापमान प्रत्येक कन्साइनमेंटच्या कागदपत्रांसोबत जोडायचं, पण कोल्ड स्टोरेजच्या जुन्या सॉफ्टवेअरला एपीआयच नाही, व्हेंडर म्हणतो मे महिन्यात देतो, आणि इकडे जानेवारी ते एप्रिल ऐन सीझन, कंटेनर काय मे महिन्यापर्यंत थांबणार आहेत का!

अशा वेळी प्रोजेक्टवाले अपवादाचा अर्ज करतात. "वेळ कमी आहे" एवढं लिहिलेला अर्ज बोर्डाने परत पाठवावा. कोणता नियम मोडतोय, दुसरे कोणते पर्याय बघितले आणि ते का जमत नाहीत (इथे रोज हाताने एक्सेल काढणं हा पर्याय होता, पण त्यात आकडे चुकतात), काय बिघडू शकतं, आणि नियमावर परत कधी व कोणाच्या बजेटमधून येणार, हे सगळं अर्जात लागतं. शेवटचा मुद्दा लोक हमखास गाळतात.

बोर्डाने परवानगी दिली ती अटींसकट. पूर्ण डेटाबेस नाही, तापमानाचा एकच व्ह्यू, म्हणजे तेवढीच माहिती दाखवणारी खिडकी, तोही फक्त वाचायला, आणि ३० एप्रिलपर्यंतच. डेटाबेस पोस्टग्रेसचा, व्ह्यूचं नाव `v_temp` आणि निर्यातीच्या सिस्टिमचं लॉगिन `ro_export` असेल तर:

```sql
GRANT SELECT ON v_temp TO ro_export;
ALTER ROLE ro_export
  VALID UNTIL '2026-05-01';
```

इथे एक गोम आहे. `VALID UNTIL` फक्त पासवर्डची मुदत संपवतं, आधीपासून उघडं असलेलं कनेक्शन तसंच चालू राहतं आणि पासवर्डशिवाय दुसऱ्या पद्धतीने लॉगिन होत असेल तर त्यालाही काही फरक पडत नाही. म्हणून मुदत संपल्यावर परवानगी काढून घेणारं `REVOKE` कोण मारणार त्याचं नाव मंजुरीतच लिहायचं.

हे सगळं अपवादांच्या रजिस्टरमध्ये जातं. नंबर, नियम, कारण, अटी, जोखीम स्वीकारणारा, मुदत, बंद झाल्याची तारीख. जोखीम स्वीकारणारा म्हणजे डेव्हलपर नाही, ज्याच्या कामाचं नुकसान होऊ शकतं तो, इथे निर्यात विभागाचा प्रमुख. माणूस नोकरी सोडून गेला तर नोंद पोरकी होते, म्हणून नावासोबत पदही लिहिलेलं बरं. आणि चहाच्या टपरीवर "हो रे, कर तू" असं कोणी म्हणालं तर ती मंजुरी नव्हे, मग म्हणणारा कितीही मोठा साहेब असो.

बिघडतं ते बहुतेक मुदतीपाशी. मे महिन्यात व्हेंडर म्हणतो अजून दोन महिने, मुदत वाढते, मग परत वाढते, आणि पुढच्या सीझनलाही तेच कनेक्शन चालू, कारण चालतंय ना मग कशाला हात लावायचा. म्हणून मुदतवाढीलाही नवा अर्ज लागावा आणि दुसऱ्या वेळी तो बोर्डाच्याही वर जावा, असा रिवाज चांगला. अपवाद खरंच बंद झालाय का ते रजिस्टरवरून कळत नाही, त्यासाठी डेटाबेसच्या लॉगमध्ये `ro_export` दिसतोय का ते बघावं लागतं.

बोर्ड उशिरा बसलं तरी सगळं वाया. व्हेंडरची खरेदी ऑर्डर निघाल्यावर डिझाइन समोर आलं की नाही म्हणायची सोयच उरत नाही, म्हणून निदान एक तपासणी खरेदीच्या आधी हवी. आणि एकाच नियमावर पाच-सहा वेगवेगळ्या टीम अपवाद मागायला लागल्या तर टीमना दोष देण्याआधी नियम उघडून बघावा, कदाचित आपल्याकडच्या अर्ध्या जुन्या मशिन्सना एपीआयच नसतील आणि "एपीआय नसेल तर वाचनापुरता व्ह्यू चालेल" हे स्टँडर्डमध्येच लिहायची वेळ आली असेल. तसं लिहिलं की ते सगळे अपवाद एका झटक्यात बंद करता येतात, मात्र प्रत्येक नोंदीपुढे "नियम बदलला" असा शेरा आणि तारीख टाकून, पुसून नाही.