सरासरीचा पट्टा आणि उद्याच्या आकड्याचा पट्टा: दोन वेगळ्या प्रश्नांची पार्श्वभूमी

रिझर्व्ह बँकेचा पतधोरण अहवाल वर्षातून दोनदा येतो. त्यात महागाईच्या अंदाजाचा एक आलेख असतो. मधून एक ठळक रेघ जाते आणि तिच्या दोन्ही बाजूंचे फिकट होत जाणारे पट्टे उजवीकडे पंख्यासारखे उघडत जातात. त्या पट्ट्यांना ५०, ७० आणि ९० टक्के ‘CI’, म्हणजे कॉन्फिडन्स इंटरव्हल, असं नाव दिलेलं असतं. मला हे नाव फार वर्षं खटकत आलं आहे. तो पट्टा महागाईच्या कुठल्या सरासरीबद्दल बोलत नाही, पुढच्या तिमाहीत प्रत्यक्ष येणाऱ्या आकड्याबद्दल बोलतो. त्याचं खरं नाव प्रेडिक्शन इंटरव्हल. ही सरमिसळ जुनी आहे आणि ती समजायला थोडं मागे जावं लागतं.

डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांची अडचण अशी होती की त्यांच्या हाती नेहमी मोजकीच निरीक्षणं असायची. तेवढ्यावरून काढलेल्या सरासरीवर भरवसा किती ठेवायचा? उत्तर पडताळण्यासाठी त्यांनी ३००० गुन्हेगारांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहून घेतली, तुकडे नीट पिसले आणि चार-चारचे ७५० गट पाडले. प्रत्येक गटाची सरासरी काढून ती खऱ्या सरासरीपासून किती ढळते ते पाहिलं. १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने हे काम छापून आलं आणि आजचं टी-वितरण त्यातूनच आलं. इथे प्रश्न सरासरीचा होता, पुढच्या गुन्हेगाराच्या उंचीचा नव्हता. पुढे १९३४ मध्ये जर्झी नेमन यांनी ‘कॉन्फिडन्स इंटरव्हल’ हे नाव दिलं आणि १९३७ मध्ये त्याचा पूर्ण सिद्धांत मांडला. तेही न दिसणाऱ्या स्थिर राशीबद्दलच होतं. पुढच्या एका निरीक्षणाचा प्रश्न रोनाल्ड फिशर यांनी १९३५ मध्ये हाताळला होता, पण पाठ्यपुस्तकांत आणि रोजच्या बोलण्यात रुजलं ते नेमन यांचं नाव. मग दिसेल त्या पट्ट्याला लोक तेच नाव देऊ लागले.

फरक किती पडतो ते एका साध्या हिशेबातून पाहू. समजा, घरून ऑफिसला जायला लागणारा वेळ २५ दिवस मोजला. सरासरी ६० मिनिटं आली, प्रमाण विचलन १० मिनिटं. ९५ टक्क्यांसाठी टी-चा आकडा २.०६ आहे.

```
सरासरीसाठी:   60 ± 2.06 × 10 × √(1/25)      → 56 ते 64
उद्यासाठी:     60 ± 2.06 × 10 × √(1 + 1/25)  → 39 ते 81
```

सगळा फरक त्या वर्गमुळातल्या १ मध्ये आहे. १/२५ ही आपल्या अज्ञानाची किंमत आहे: सरासरी नेमकी किती हे माहीत नाही म्हणून. १ ही रस्त्याची किंमत आहे: सरासरी अचूक कळली तरी उद्या सिग्नल लागायचा तो लागणारच. २५ ऐवजी २५०० दिवस मोजले तर पहिला पट्टा सरासरीच्या दोन्ही बाजूंना जेमतेम अर्ध्या मिनिटाइतका उरतो, दुसरा मात्र ४० ते ८० च्या आसपासच राहतो. उद्या परीक्षेला वेळेवर पोचायचं असेल आणि कोणी ‘फार तर ६४ मिनिटं’ असं सांगितलं, तर त्याने चुकीच्या प्रश्नाचं बरोबर उत्तर दिलेलं असतं.

आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. प्रवासाचे वेळ सममित नसतात. लवकर पोचायला मर्यादा आहे, उशिराला नाही. पुरेशी निरीक्षणं असली तर सरासरीचा पट्टा अशा तिरकेपणातही बऱ्यापैकी टिकतो, कारण सरासऱ्या घंटाकृती वितरणाकडे झुकतात. एकट्या निरीक्षणाला तो आधार मिळत नाही. त्यामुळे ३९ ते ८१ हा पट्टा डावीकडे उगाच लांब आणि उजवीकडे अपुरा निघू शकतो, आणि निरीक्षणं वाढवून तो दोष जात नाही.

आता पट्टा पुढे रुंद का होत जातो? याची एक सुरुवातीची स्पष्ट मांडणी १९२९ ची. होलब्रूक वर्किंग आणि हॅरल्ड होटेलिंग यांनी आकड्यांतून काढलेल्या कलरेषेची अनिश्चितता मोजली आणि ती सगळीकडे सारखी नसते हे दाखवलं. रेषेचा चढ थोडा चुकला तर मध्यावर फारसं बिघडत नाही, टोकांना मात्र चूक वाढत जाते. सीसॉच्या फळीसारखं, टेकू मध्ये आणि हालचाल टोकांना. ११ वर्षांचे आकडे घ्या, रेषेभोवतीचं विचलन २ धरा. सहाव्या वर्षी, म्हणजे मध्यावर, रेषेची प्रमाण त्रुटी ०.६ येते. बाराव्या वर्षी १.३, सोळाव्या वर्षी पूर्ण २. सोळाव्या वर्षी प्रत्यक्ष आकड्याची त्रुटी त्याहून मोठी, २.८. म्हणजे इथे सरासरीचा पट्टाही रुंदावतो. म्हणून नुसता पसरता आकार पाहून तो कोणता पट्टा आहे हे ओळखता येत नाही.

दुसरं कारण वेगळ्या वाटेने आलं. कलरेषेच्या हिशेबात प्रत्येक वर्षाचा धक्का, म्हणजे रेषेपासूनचं ढळणं, त्या वर्षापुरता असतो. किमतींचं तसं नसतं, आजचा धक्का उद्याच्या किमतीतही राहतो. लुई बाशेलिए यांनी १९०० मध्ये पॅरिसच्या शेअर बाजारावरील प्रबंधात हेच धरलं होतं: धक्के साठत जातात, आणि फैलाव काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. महिन्याच्या धक्क्याचं विचलन २ असेल तर ९५ टक्क्यांचा पट्टा एका महिन्याला ±३.९, चार महिन्यांना ±७.८, नऊ महिन्यांना ±११.८.

पण प्रत्येक मालिका अशी भटकत नाही. १९२७ मध्ये उडनी यूल यांनी सूर्यावरील डागांसाठी असं प्रतिमान बांधलं, ज्यात जुना धक्का हळूहळू विरतो. दर महिन्याला धक्क्याचा ०.८ भागच पुढे जात असेल, तर वरच्याच उदाहरणात पट्टा ±३.९ पासून सुरू होऊन ±६.५ पाशी थबकतो. जॉर्ज बॉक्स आणि ग्विलिम जेन्किन्स यांच्या १९७० च्या ग्रंथाने या दोन्ही जाती एका चौकटीत आणल्या. जो धक्का जितका टिकेल तितकं त्याला वजन, आणि सगळ्या वजनांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ गुणिले एका धक्क्याचं विचलन म्हणजे पुढच्या त्रुटीचा फैलाव. त्यामुळे पट्टा किती उघडणार हे धक्के विरतात की साठतात यावर ठरतं, आणि मालिकेची जात ओळखण्यात झालेली चूक पट्ट्यात सर्वांत महाग पडते.

हे पट्टे प्रत्यक्षात पाळले जातात का, हेही तपासलं गेलं. माक्रिडाकिस आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये मोठ्या भाकीतस्पर्धेतल्या मालिका घेऊन पाहिलं, तेव्हा ठरलेल्या टक्क्यांपेक्षा जास्त आकडे पट्ट्याबाहेर पडले. त्या निबंधाच्या शीर्षकातही ‘कॉन्फिडन्स इंटरव्हल’ असंच आहे! कारण साधं आहे. सूत्र धक्के मोजतं. प्रतिमान चुकीचं निवडलं असेल, किंवा वाटेत अर्थव्यवस्थाच बदलली, तर ते सूत्रात येत नाही. बँक ऑफ इंग्लंडने फेब्रुवारी १९९६ पासून पंख्याचा आलेख छापायला घेतला, तेव्हा रुंदी नुसत्या सूत्रावर सोडली नाही. मागच्या अंदाजांच्या चुका आणि बँकेचा स्वतःचा अदमास, दोन्हींवरून ती ठरवली, आणि गरज पडली तर पंखा एका बाजूला तिरका ठेवायची सोयही ठेवली.

हातात आलेला पट्टा कोणता आहे ते मी असं पाहतो: जुने आकडे त्यावर टाकून बाहेर किती पडतात ते मोजतो. ९५ टक्क्यांच्या पट्ट्याबाहेर निम्मे आकडे दिसले तर बहुधा तो सरासरीचाच असतो. R या संगणकभाषेत, m हे प्रतिमान आणि nd हे नवे आकडे असतील, तर फरक एका शब्दाचा आहे:

```
predict(m, nd, interval = "confidence")
predict(m, nd, interval = "prediction")
```