हिस्टोग्राम आणि क्यू-क्यू आलेख : एकाच माहितीकडे विचारलेले दोन वेगळे प्रश्न

दोन गटांची तुलना करताना टी-चाचणी करायची की मान-व्हिटनी चाचणी, हे ठरवण्यापूर्वी माहिती साधारणपणे नॉर्मल वितरणाच्या, म्हणजे पाठ्यपुस्तकांतल्या ‘प्रसामान्य’ वितरणाच्या, जवळ जाते का हे पाहावे, असे विद्यार्थ्यांना सांगितले जाते. त्यासाठी हिस्टोग्राम आणि क्यू-क्यू आलेख असे दोन आलेख शेजारीशेजारी काढण्याची पद्धत आहे. पुण्यात संख्याशास्त्राच्या प्रकल्पांना मार्गदर्शन करताना माझ्या वारंवार लक्षात आले आहे, की पुष्कळजण हे दोन्ही आलेख एकाच गोष्टीची दोन चित्रे समजतात आणि त्यांतले जे अधिक नॉर्मल दिसेल ते अहवालात लावतात. प्रत्यक्षात हिस्टोग्राम ‘कोणत्या पट्ट्यात किती निरीक्षणे आहेत’ हे सांगतो, तर क्यू-क्यू आलेख ‘हे निरीक्षण नॉर्मल वितरणात जिथे असायला हवे होते तिथून किती दूर आहे’ हे सांगतो. हा फरक एका छोट्या उदाहरणात पूर्ण उलगडून पाहू.

कोथरूडहून हिंजवडीला सकाळी कामावर जाणारी एक व्यक्ती चांदणी चौकातून बाह्यवळण मार्गाने जावे की बाणेर-बालेवाडीमार्गे, याचा विचार करत आहे आणि तिने दोन्ही मार्गांवर प्रत्येकी २० सकाळी लागलेली मिनिटे लिहून ठेवली आहेत, असे समजा. पहिल्या मार्गाचे आकडे पुढे आर या संगणकीय प्रणालीच्या आज्ञांसह दिले आहेत. ते सरावासाठी मी स्वतः तयार केलेले आहेत, प्रत्यक्ष मोजलेले नाहीत; मात्र त्यांची ठेवण प्रवासाच्या वेळेसारखीच आहे. रस्ता कितीही मोकळा असला तरी वेळ एका मर्यादेखाली जात नाही, पण पाऊस पडला किंवा चढावर एखादा ट्रक बंद पडला की तो वरच्या बाजूला कितीही वाढू शकतो.

```r
x <- c(38,40,41,42,43,44,44,45,46,47,
       48,49,51,52,54,57,60,65,72,88)
hist(x, breaks = seq(20, 100, by = 20))
hist(x, breaks = seq(30, 90, by = 10))
qqnorm(x); qqline(x)
```

या २० आकड्यांची सरासरी ५१.३ मिनिटे, मध्यक ४७.५ मिनिटे आणि प्रमाण विचलन सुमारे १२.३ मिनिटे आहे. सरासरी मध्यकापेक्षा जवळजवळ चार मिनिटांनी जास्त आहे, एवढ्यावरूनच थोडा संशय यायला हवा.

आता पहिला हिस्टोग्राम पाहा. वर्गांतर २० मिनिटांचे घेतले, तर चार वर्गांतील वारंवारता अनुक्रमे २, १५, २ आणि १ अशी येते. मधोमध एक उंच खांब आणि दोन्ही बाजूंना छोटे खांब, असे हे चित्र पाहून कोणीही ‘साधारण घंटेच्या आकाराचे आहे’ असे म्हणून पुढे जाईल. तेच आकडे १० मिनिटांच्या वर्गांतरात मांडले, की वारंवारता २, १०, ५, १, १, १ अशी होते आणि उजवीकडे लांबत गेलेले शेपूट स्पष्ट दिसू लागते. वर्गांतर आणखी कमी करून ५ मिनिटांवर आणले, तर मध्येच रिकामे वर्ग येतात आणि ८८ हा आकडा इतरांपासून तुटून दूर एकटा उभा राहतो. माहितीतला एकही आकडा बदललेला नाही. बदलली ती फक्त आपण आखलेली चौकट. आर ही प्रणाली वर्गांची संख्या सांगितली नाही तर १९२६ सालचा स्टर्जेसचा नियम वापरते आणि या माहितीसाठी १० मिनिटांचे वर्गांतर निवडते. म्हणजे येथे न मागता मिळणारे चित्र बरे निघते, पण त्यावर विसंबून राहणे योग्य नाही. निरीक्षणे वीस-तीसच असतील, तर हिस्टोग्राम किमान तीन वेगवेगळ्या वर्गांतरांनी काढून पाहावा, असा माझा आग्रह असतो.

क्यू-क्यू आलेखात वर्गांतर नसतेच. मार्टिन विल्क आणि रामनाथन ज्ञानदेशिकन यांनी १९६८ साली ज्या स्वरूपात तो मांडला, त्यामागची कल्पना साधी आहे. निरीक्षणे लहानापासून मोठ्यापर्यंत क्रमाने लावायची आणि प्रत्येकाला विचारायचे, की माहिती नॉर्मल असती तर या क्रमांकाच्या निरीक्षणाची जागा कोणती असती? वीस निरीक्षणांपैकी सर्वांत मोठ्याच्या वाट्याला ०.९७५ हे प्रमाण येते आणि प्रमाणित नॉर्मल वितरणात त्याचे स्थान १.९६ आहे, सर्वांत लहानाचे −१.९६. ही सैद्धांतिक स्थाने आडव्या अक्षावर आणि प्रत्यक्ष मिनिटे उभ्या अक्षावर मांडली, की माहिती नॉर्मल असल्यास बिंदू साधारण एका सरळ रेषेत पडतात.

आपल्या आकड्यांबाबत काय होते ते वरच्या टोकाशी पाहा. आरमधील `qqline` ही रेषा पहिल्या आणि तिसऱ्या चतुर्थकातून जाते, म्हणजे माहितीच्या मधल्या भागाला जुळवून आखली जाते. या रेषेनुसार शेवटच्या तीन निरीक्षणांच्या जागा अंदाजे ५८.६, ६१ आणि ६५.२ मिनिटे असायला हव्या होत्या. प्रत्यक्षात तिथे ६५, ७२ आणि ८८ आहेत. अंतर सहा, मग अकरा, मग तेवीस मिनिटे असे वाढत जाते. खालच्या टोकालाही सर्वांत कमी वेळ ३३.३ च्या आसपास अपेक्षित होता, पण तो ३८ आहे, म्हणजे तोही रेषेच्या वर. दोन्ही टोके रेषेच्या वर आणि मधला भाग किंचित खाली, अशी ही वर वळलेली कमान उजवीकडे कललेल्या वितरणाची खूण असते. पाच मिनिटांच्या वर्गांतराचा हिस्टोग्राम पाहून वाटले असते, की ८८ हा एकच चुकार आकडा आहे आणि बाकी सारे ठीक आहे. क्यू-क्यू आलेख दाखवतो, की ८८ पर्यंत जाणारा बाक ६५ पासूनच सुरू झालेला आहे. माझ्या मते या आलेखाचे खरे मोल इथे आहे, कारण एकट्या चुकार आकड्यावर उपाय वेगळा असतो आणि साऱ्या वितरणाच्या कलावर वेगळा.

इथे एका सापळ्याचा उल्लेख करायलाच हवा. एसपीएसएस या सॉफ्टवेअरमध्ये अक्ष उलटे असतात : प्रत्यक्ष निरीक्षणे आडवी आणि नॉर्मलनुसार अपेक्षित किंमती उभ्या. त्यामुळे आरमध्ये वर वळलेली हीच कमान तिथे खाली वळलेली दिसते, आणि बाकाचा अर्थ पाठ करून आलेला विद्यार्थी उजवा कल डावा म्हणून लिहून मोकळा होतो. बाकाचा अर्थ लावण्याआधी अक्षांची नावे वाचावीत.

यावरून क्यू-क्यू आलेख नेहमीच सरस, असा निष्कर्ष काढता येत नाही. दोन्ही मार्गांचे चाळीस आकडे कोणी एकत्र करून तपासले आणि दुसरा मार्ग पंधरा-वीस मिनिटांनी कमी वेळाचा निघाला, तर हिस्टोग्राममध्ये दोन उंचवटे लगेच डोळ्यांत भरतील. क्यू-क्यू आलेखात मात्र अशा मिश्रणाची टोके रेषेकडून आत वळतात, मध्यभागी बिंदू चढे होतात आणि ‘शेपटे जरा आखूड आहेत’ एवढाच बोध होतो; दोन गट मिसळले आहेत हे त्यातून सहज उमजत नाही. खरे म्हणजे अशी एकत्र तपासणी मुळातच चुकीची आहे. टी-चाचणीचे गृहीतक प्रत्येक गटाच्या आतल्या वितरणाबद्दल असते, दोन्ही गटांच्या एकत्रित ढिगाबद्दल नव्हे. गटांत जितका फरक जास्त, तितका तो ढीग नॉर्मलपासून दूर दिसणारच. म्हणून आलेख प्रत्येक गटाचा स्वतंत्र काढावा, किंवा प्रत्येक आकड्यातून त्याच्या गटाची सरासरी वजा करून उरलेल्या फरकांचा काढावा. जोडीतल्या निरीक्षणांची चाचणी असेल, तर जोडीतल्या वजाबाकीचा.

कमान दिसली, पण वीसच निरीक्षणांत एवढा बाक निव्वळ योगायोगानेही येऊ शकेल का? या प्रश्नाचे उत्तर नुसत्या नजरेने देता येत नाही, कारण खऱ्याखुऱ्या नॉर्मल वितरणातून घेतलेल्या वीस आकड्यांची टोकेसुद्धा रेषेभोवती बरीच डोलतात. त्यावर एक उपाय आहे. आपला आलेख त्याच सरासरीच्या व प्रमाण विचलनाच्या एकोणीस कृत्रिम नॉर्मल नमुन्यांच्या आलेखांत मिसळावा आणि माहिती ज्याला ठाऊक नाही अशा सहकाऱ्याला वेगळा आलेख ओळखायला सांगावे.

```r
k <- sample(20, 1)
par(mfrow = c(4, 5), mar = c(2, 2, 1, 1))
for (i in 1:20) {
  y <- if (i == k) x else rnorm(20, mean(x), sd(x))
  qqnorm(y, main = i); qqline(y)
}
```

सहकाऱ्याने `k` क्रमांकाचा आलेख न अडखळता निवडला, तर बाक खरा मानायला आधार मिळतो. सगळे सारखेच वाटले, तर आपल्याजवळ नॉर्मल नसल्याचा पुरावा नाही, एवढेच म्हणता येते. माहिती नॉर्मल आहे का हे तपासणाऱ्या शापिरो-विल्क चाचणीच्या पी-मूल्यापेक्षा मला ही रीत जास्त उपयोगी वाटते. ती चाचणी लहान नमुन्यात मोठा बाकही सोडून देऊ शकते आणि हजारो निरीक्षणांत अगदी नगण्य बाकही ‘लक्षणीय’ ठरवते, शिवाय बाक कोणत्या बाजूचा आहे हे सांगत नाही.

आता चाचणीची निवड. लॉगरिथम घेतला की कल जाईल, ही पहिली सूचना असते. इथे ती पुरी पडत नाही. लॉग घेतल्यावरही सर्वांत मोठा आकडा मध्यकापासून ०.६२ वर आणि सर्वांत लहान फक्त ०.२२ खाली राहतो. मग ८८ चा प्रभाव मोजून पाहावा. तो वगळला तर सरासरी ४९.४ वर येते आणि प्रमाण विचलन १२.३ वरून ८.९ पर्यंत घसरते, म्हणजे टी-चाचणीच्या छेदातली एक महत्त्वाची राशी एका सकाळीवर एवढी अवलंबून आहे. याउलट मान-व्हिटनी चाचणी फक्त क्रम पाहते. ८८ च्या जागी १८० असते, आणि दुसऱ्या मार्गावर ८८ किंवा त्याच्या पुढचा आकडा नसेल, तरी तिचे उत्तर तसूभरही बदलले नसते. हा आकडा नोंदीतली चूक असल्याचे सिद्ध झाल्याशिवाय तो काढून टाकता येणार नाही, कारण त्या दिवशी ती व्यक्ती खरोखरच ८८ मिनिटे रस्त्यावर होती.

म्हणून शेवटी त्या व्यक्तीला नेमके काय विचारायचे आहे, त्यावर निवड ठरते. महिन्याभरात एकूण किती वेळ वाचेल, हा प्रश्न असेल तर तो सरासरीचा प्रश्न आहे आणि त्यात ८८ मिनिटांची सकाळही धरली पाहिजे. तिथे मी वेल्चची टी-चाचणी करीन, कारण दोन्ही गट समान आकाराचे आहेत आणि दोन्हींचा कल एकाच बाजूचा असेल तर ती असा बाक बऱ्यापैकी सोसते, आणि सोबत ८८ वगळूनचे उत्तरही छापीन. कोणत्याही एका सकाळी कोणता मार्ग लवकर पोहोचवण्याची शक्यता जास्त, हा प्रश्न असेल तर मान-व्हिटनी योग्य. मात्र दोन्ही वितरणांचा आकार सारखा असल्याशिवाय तिचा निष्कर्ष ‘मध्यकांतला फरक’ असा लिहू नये, आणि तो आकार सारखा आहे का, हे पाहण्यासाठी दोन्ही मार्गांचे हिस्टोग्राम एकाच वर्गांतरात एकाखाली एक मांडावेत.