नेट १०० चं, मग फाइल ११ नेच का उतरते?

इंदूरला लोकमान्यनगरात आमचे मामा राहतात. त्यांनी घरी फायबर घेतलं, १०० चा प्लॅन. चार दिवसांनी व्हिडिओवाल्याने मामेबहिणीच्या लग्नाच्या व्हिडिओची लिंक पाठवली. फाइल ६ GB ची. मामा आयुष्यभर हिशेबाच्या खात्यात होते, त्यांनी तिथल्या तिथे तोंडी गणित केलं: सहा हजार भागिले शंभर, म्हणजे साठ सेकंद. गॅसवर चहा ठेवला आणि कॉम्प्युटरपुढे बसले. चहा पिऊन झाला, कप विसळून झाला, फाइल उतरतेच आहे. नऊ मिनिटं लागली. ब्राउझरच्या कोपऱ्यात आकडा होता 11.2 MB/s.

मामांनी तक्रार नोंदवली. कनेक्शनवाल्यांचा मुलगा आला, त्याने लॅपटॉप जोडून स्पीडटेस्ट चालवली, ९४ आले. “भिया, पूरा तो आ रहा है,” म्हणाला आणि गेला. मग मला फोन. “अरे, शंभरातले अकरा देतायत आणि वर पूर्ण येतंय म्हणतायत. बाकीचे नव्वद कुठे जातात?”

कुठेच जात नाहीत. मामाही खरं बोलत होते आणि तो मुलगाही. हा घोळ मी इतक्या घरांत निस्तरला आहे की आता एकदाच लिहून ठेवतो.

मेगाबाइट तुम्हाला माहीत आहेच. मोबाइलमधला फोटो तीन-चार मेगाबाइटचा असतो, फाइलवर जो MB किंवा GB लिहिलेला दिसतो तो सगळा बाइटचा मामला. मेगाबिट हे वेगळं माप आहे. आठ बिट मिळून एक बाइट होतो. प्लॅनवरचे १०० हे मेगाबिट असतात, दर सेकंदाला १०० मेगाबिट. त्याला आठने भागा, साडेबारा मेगाबाइट. मामांनी रुपयांतल्या किमतीला पैशांतल्या रकमेने भागलं, एवढंच झालं.

एवढं सोपं असून माणसं वर्षानुवर्षं का फसतात, ते जास्त महत्त्वाचं. माझ्या मते याचं मोठं कारण आपल्या तोंडात आहे. इंग्रजीत निदान Mb आणि MB असा लहान-मोठ्या अक्षराचा फरक असतो. देवनागरीत लहान-मोठी अक्षरंच नाहीत, त्यामुळे आपण दोन्हींना ‘एमबी’ म्हणतो. ‘आमच्याकडे शंभर एमबीचं नेट आहे’ हे वाक्य तर घराघरांत ऐकू येतं. वेग सांगताना ‘एमबी’ म्हणणाऱ्याला मी हल्ली तिथेच थांबवतो. बिट म्हणा नाहीतर बाइट म्हणा, पूर्ण शब्द म्हणा. एका अक्षराने जीभ झिजत नाही. लहान b म्हणजे बिट, मोठा B म्हणजे बाइट. लहान अक्षर लहान मापाला, मोठं मोठ्याला.

दुसरं कारण म्हणजे दोन्ही मापं एकाच जाहिरातीत शेजारी शेजारी बसलेली असतात. मोबाइलच्या पॅकवर ‘रोज २ GB’ असतं, ते बाइट. त्याखाली बारीक अक्षरांत ‘त्यानंतर वेग 64 Kbps’, ते बिट. म्हणजे कोटा संपल्यावर सेकंदाला ८ किलोबाइट. तीन मेगाबाइटचा एक फोटो उघडायला सहा मिनिटांवर वेळ जाईल. त्या ६४ कडे बघून कुणाला तसं वाटेल का?

मामांचं म्हणणं होतं की ही शुद्ध फसवणूक आहे, आकडा आठपट मोठा दिसावा म्हणून मुद्दाम बिटमध्ये सांगतात. मोठा आकडा विकणाऱ्याला आवडतो हे कबूल, पण ही प्रथा त्याने पाडलेली नाही. तार एकामागून एक खुणा पाठवते, आहे किंवा नाही; म्हणून तारेचा वेग पहिल्यापासून बिटमध्ये मोजला गेला. बाइट हा साठवणुकीचा शब्द. तो १९५६ साली आयबीएममध्ये वर्नर बुखहोल्ट्झ यांनी घडवला आणि तेव्हा त्यात आठच बिट असतील असंही ठरलेलं नव्हतं. काही यंत्रांत सहा बिटांचं अक्षर असे. १९६४ साली आयबीएमचं सिस्टम/३६० आलं, त्यानंतर आठाचा बाइट रुळत गेला. ज्याचं मापच पक्कं नाही त्यात तारेचा वेग कोण सांगणार? १९८० चं इथरनेट आलं तेही १० मेगाबिटचं म्हणूनच. त्यामुळे ग्राहकाला मनस्ताप होतो ही गोष्ट खरी, पण हा कट नव्हे.

आता मामांचा खरा प्रश्न. आठने भागून साडेबारा येतात, मग पडद्यावर ११.२ कसे? इथेच लोक पुन्हा कंपनीला फोन लावतात, म्हणून सावकाश सांगतो.

मिठाईवाला डब्यासकट वजन करतो तेव्हा आपण भांडतो. प्लॅनवरचा वेग मात्र डब्यासकटच तोललेला असतो. तुमची फाइल अखंड येत नाही, तिचे लहान लहान तुकडे होतात. एका तुकड्यात फाइलचा माल असतो साधारण १४६० बाइट. त्याला पत्त्याच्या आणि क्रमांकाच्या चिठ्ठ्या लागतात ४० बाइटच्या. मग तारेवर टाकण्यासाठी पुढचं-मागचं वेष्टन आणि दोन तुकड्यांमधली सक्तीची मोकळी जागा धरून आणखी ३८. म्हणजे तारेवर १५३८ बाइटची जागा जाते तेव्हा हातात १४६० चा माल पडतो. हे पंचाण्णव टक्क्यांच्या जरा आत बसतं, आणि चिठ्ठीत वेळेची नोंदही असली तर चौऱ्याण्णवच्या आसपास. त्या मुलाच्या लॅपटॉपवर ९४ दिसले ते हेच. स्पीडटेस्टने डबा बाजूला काढून नुसता माल तोलला होता.

९४ मेगाबिटला आठने भागलं की पावणेबारा मेगाबाइट. अजून अर्धा मेगाबाइट उरला. तो जुन्या भांडणात जातो: तारेच्या जगात मेगा म्हणजे नेमके दहा लाख, आणि विंडोज व बरेचसे ब्राउझर MB लिहितात तेव्हा १०२४ गुणिले १०२४, म्हणजे १०,४८,५७६ मोजतात. फरक पाच टक्क्यांच्या आत. पावणेबाराचे ११.२ झाले. या १००० आणि १०२४ वर लोक तावातावाने वाद घालतात, पण घरगुती नेटसाठी त्यात जीव अडकवण्यासारखं काही नाही. खरा दणका आठाचा आहे.

म्हणून माझा नियम: प्लॅनच्या आकड्याला नऊने भागा. आठने भागलं तर डबा राहून जातो आणि तुम्ही उगाच नाराज होता. दहाने भागायचा सल्लाही चालतो, जुन्या मोडेमच्या काळात तो बरोबरही होता, कारण तेव्हा प्रत्येक बाइटला पुढे-मागे एकेक जादा बिट लागत असे. आज दहाने भागणं म्हणजे कंपनीला फुकटची सूट देणं. १०० ला नऊने भागलं की ११, ४० ला साडेचार, ३०० ला ३३. मामांची ६ GB ची फाइल विंडोजच्या मापाने ६१४४ मेगाबाइट होते, भागिले ११.२, बरोबर नऊ मिनिटं नऊ सेकंद. घड्याळ, ब्राउझर आणि स्पीडटेस्ट तिघांचं एकच म्हणणं होतं.

तक्रार कधी करायची तेही यातूनच कळतं. केबल लावून, घरात दुसरं कुणी व्हिडिओ बघत नसताना, १०० च्या प्लॅनवर दहा-अकरा दिसत असतील तर गप्प बसा. पाच-सहा दिसले तर आधी स्पीडटेस्ट करा. तिथे ९४ आणि फाइल मात्र पाचने, म्हणजे समोरचा सर्व्हरच हळू पाठवतोय, तुमचं नेट ठीक आहे. दोन्हीकडे निम्मं आलं तरच फोन उचला. आणि वायफायवर, दोन भिंती पलीकडे बसून केलेली टेस्ट मला पाठवू नका. मी ती बघतही नाही.

मामांचं इथे समाधान झालं. पण त्यांच्या मुलाने हे ऐकून प्लॅनच ३०० चा करून घेतला आणि पुढच्या आठवड्यात त्याचा फोन. “दादा, पैसे वाढले, वेग तोच. ११.२.”

अंदाजे अकरा नव्हे, हुबेहूब ११.२. हा आकडा ऐकला की मी प्लॅनचा विचार सोडून केबलकडे बघतो. तीनशेचं नेट रखडलं तर कधी १७, कधी २४, कधी ८ असं वरखाली दिसतं. ११.२ वर खिळा ठोकल्यासारखं थांबलं तर मधे कुठेतरी १०० मेगाबिटचं दार आहे आणि ते काठोकाठ भरलंय. राउटरचं किंवा कॉम्प्युटरचं पोर्ट जुन्या १०० च्या जातीचं असेल, नाहीतर केबल. नेटच्या केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १०० मेगाबिटला दोनच पुरतात, हजारला चारही लागतात. एखादी तार तुटलेली किंवा पिनेत नीट न बसलेली असली की दोन्ही टोकं आपसांत ठरवून बहुतेक वेळा १०० वर उतरतात आणि तुम्हाला कोणी काही सांगत नाही. नेट चालू, दिवे लागलेले, सगळं छान.

बघायची जागा विंडोज ११ मध्ये अशी: सेटिंग्जमध्ये Network & internet, त्यात Ethernet, आणि खाली Link speed (Receive/Transmit). त्याच्याकडे तिथे 100/100 (Mbps) लिहिलं होतं. राउटर कोणता ते फोनवर वाचायला सांगितलं, त्याची पोर्टं हजारची निघाली. मग केबल. ती दिवाणाखालून गेलेली, दिवाणाचा पाय वर्षभर तिच्यावर उभा. त्याने राउटरच्या खोक्यातली न वापरलेली आखूड केबल काढून लावली आणि पडदा पुन्हा उघडला, 1000/1000 (Mbps). लग्नाची तीच फाइल पुन्हा उतरवायला घातली, सेकंदाला ३३ मेगाबाइटने, तीन मिनिटं आणि थोडे सेकंद.